टी-ट्वेंटी सामन्यातील एकूण षटकारांचा भाव: माझा अंदाज जवळजवळ तीन षटकारांनी जास्त का आला?

लेस्टरकर

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो आणि परवानाधारक बेटिंग कंपनीच्या क्रिकेट विभागात सहा महिन्यांपूर्वी रुजू झालो आहे. सामना सुरू होण्याआधी वेगवेगळ्या आकड्यांचे भाव ठरवणे हे माझे काम आहे. भारतात 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे इथे कोणी पैज लावावी असा माझा हेतू नाही. प्रश्न फक्त हिशेबाचा आहे.

दोन्ही डाव मिळून किती षटकार लागतील, याची एक रेषा आम्ही ठरवतो. ती 19.5 ठेवली, तर 20 किंवा जास्त षटकार ही एक बाजू आणि 19 किंवा कमी ही दुसरी बाजू होते. अर्धा आकडा घेतल्यामुळे निकाल बरोबरीत सुटत नाही. रेषा जितकी खऱ्या मध्यावर बसेल, तितका भाव सुरक्षित राहतो.

गेल्या आठवड्यात आयपीएलसारख्या दर्जाच्या एका सामन्यासाठी मी असा हिशेब केला. आयपीएल 2024 मध्ये प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या 71 सामन्यांत साडेबाराशेहून अधिक षटकार लागले, म्हणजे सामन्याला सुमारे 17.7. हा माझा पाया होता. मैदान लहान असल्यामुळे त्याला मी 1.15 ने गुणले. एका डावाची सरासरी धावसंख्या मी 180 धरली होती आणि या सामन्यात बेटिंग बाजाराचा अंदाज 190 होता, म्हणून आणखी 1.06 ने गुणले. दोन्ही संघांकडे आठव्या क्रमांकापर्यंत फलंदाजी होती, त्यासाठी 1.05. उत्तर आले 22.7.

आमच्या वरिष्ठांनी कागद पाहिला, "हे 20 च्या आसपास हवे," एवढेच म्हटले आणि ते दुसऱ्या सामन्याकडे वळले. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, तिन्ही षटकार वाढवणाऱ्या आहेत, मग माझे उत्तर फुगले कुठे?

गल्लीचा_कप्तान

तुम्ही उगाच गुंता केला आहे, असे माझे मत आहे. धावगती हाच एक आकडा पुरेसा आहे. साधारणपणे एकूण धावांच्या तीस टक्के धावा षटकारांतून येतात असे धरा. तुमच्या सामन्यात दोन डावांच्या मिळून 380 धावा अपेक्षित होत्या. त्यांचे तीस टक्के म्हणजे 114, आणि त्याला सहाने भागले की 19. तुमच्या वरिष्ठांचा आकडा जवळजवळ आलाच. मैदान आणि फलंदाजी पाहायचीच असेल, तर फलंदाजीची खोली तेवढी पाहावी, कारण 2023 पासून सामन्यात बदली खेळाडू उतरवू देणारा इम्पॅक्ट प्लेअरचा नियम आल्यावर आठवा-नववा फलंदाजसुद्धा षटकार मारू लागला आहे आणि आकडे त्यामुळेच वाढले आहेत.

आकडेशास्त्री

लेस्टरकर, तुमची चूक गुणाकारात नाही, ती एकच गोष्ट दोनदा मोजण्यात आहे. 190 हा आकडा बाजाराने कशावरून काढला? मैदान लहान आहे हे त्याला माहीत आहे आणि संघात आठ फलंदाज आहेत हेही माहीत आहे. म्हणजे 1.06 या गुणकाच्या पोटात मैदान आणि फलंदाजीची खोली आधीच बसलेली आहे, आणि तुम्ही त्यांना पुन्हा बाहेरून बोलावून गुणले. तीन साक्षीदार वेगवेगळे दिसत असले, तरी त्यांतल्या एकाने उरलेल्या दोघांचेच ऐकून साक्ष दिलेली आहे.

गल्लीचा कप्तान यांची वाट म्हणूनच अधिक स्वच्छ आहे, कारण ते एकाच आकड्यावर उभे आहेत. पण त्यांच्या तीस टक्क्यांतच सगळा प्रश्न दडलेला आहे. 31 मार्च 2016 रोजी वानखेडेवर झालेला विश्वचषकाचा उपांत्य सामना आठवा. भारताने 2 बाद 192 धावा केल्या आणि वेस्ट इंडिजने 3 बाद 196. मैदान एक, संध्याकाळ एक, धावगती जवळजवळ एक. भारताच्या डावात षटकार 4 होते आणि वेस्ट इंडिजच्या डावात 11. भारताने 92 धावा चौकार-षटकारांतून काढल्या आणि उरलेल्या शंभर पळून व अवांतर मिळून आल्या. वेस्ट इंडिजने 146 धावा सीमारेषेपलीकडून आणल्या. तीस टक्क्यांच्या नियमाने दोन्ही डावांत साडेनऊ-दहा षटकार यायला हवे होते. एकूण बेरजेत तो नियम चार-साडेचार षटकारांनी चुकला, आणि समोरासमोर पहिल्या प्रकारचे दोन संघ आले तर 8 आणि दुसऱ्या प्रकारचे आले तर 22, इतकी तफावत एकाच धावगतीत लपू शकते.

म्हणून मी हिशेब चेंडूपासून सुरू करते. कोणता फलंदाज सरासरी किती चेंडू खेळेल, आणि प्रत्येक चेंडूमागे तो षटकार मारण्याची शक्यता किती. या दोन आकड्यांचा गुणाकार करायचा आणि अकरा जणांची बेरीज घ्यायची. धावांच्या वाटेने येणारा आकडा मी फक्त शेवटी पडताळ्यासाठी वापरते.

गल्लीचा_कप्तान

तो सामना मी दूरदर्शनवर पाहिला होता आणि हार अजून बोचते, पण षटकारांची ही तुलना माझ्या कधी लक्षात आली नव्हती. तीस टक्के हा आकडा संघागणिक बदलतो, हे मान्य. पण फलंदाजीच्या खोलीबद्दल माझे म्हणणे मी सोडत नाही.

देवगडचा_आयोजक

आमच्याकडे मे महिन्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात आणि गेली चार वर्षे मी त्यातल्या एका स्पर्धेचा खर्च सांभाळतो. एका दुकानदाराने प्रत्येक षटकाराला शंभर रुपये जाहीर केले होते. आम्ही आठ षटकांच्या सामन्याला दहा षटकार धरले आणि अंतिम दिवशी पैसे कमी पडले. तुम्ही ज्याला षटकाराची किंमत म्हणता, ती आमच्यासारख्या स्पर्धेत किती ठेवावी, म्हणजे दुकानदारालाही परवडेल?

आकडेशास्त्री

आयोजकसाहेब, इथे किंमत म्हणजे बक्षीस नव्हे, संभाव्यतेवरून निघणारा भाव आहे. तरी तुमच्या प्रश्नाचे उत्तर याच हिशेबात आहे. आयपीएलचा कोणताही आकडा तुमच्याकडे चालणार नाही. चेंडू वेगळा, मैदान वेगळे, आणि अनेकदा एका बाजूला घराची भिंत हीच सीमारेषा असते. तुमच्या चार वर्षांच्या वह्या काढा आणि षटकार भागिले टाकलेले चेंडू असे प्रमाण घ्या. शेवटच्या दिवसाचे सामने वेगळे मोजा, कारण तिथवर पोहोचलेले संघ मुळात जास्त फटकेबाज असतात. सरासरीवर तरतूद केलीत, तर साधारण निम्म्या वेळा पैसे कमी पडणार हे ठरलेलेच आहे. तुमच्या सर्वात वाईट दिवसाचा आकडा पाहून तरतूद करा.

जुना_स्कोअरर

मी अनेक वर्षे जिल्हा आणि विद्यापीठ पातळीवर स्कोअरिंग केले आहे आणि मैदान आखणाऱ्या लोकांबरोबर दोऱ्या ओढल्या आहेत. लेस्टरकरांनी मैदानासाठी लावलेला 1.15 हा एकच गुणक मला खटकतो. मैदान लहान आहे असे म्हणताना आपण स्टेडियमचा विचार करतो, पण षटकार दोरीवरून मोजला जातो आणि दोरी हलते.

आयसीसीच्या नियमांत सीमारेषा खेळपट्टीच्या मध्यापासून 65 यार्डांपेक्षा जवळ आणि 90 यार्डांपेक्षा लांब नसावी असे आहे, म्हणजे साधारण 59 ते 82 मीटर. या मर्यादेत बरीच मोकळीक आहे. त्यात आणखी एक गोष्ट प्रेक्षकांच्या लक्षात येत नाही. मैदानाच्या मधल्या चौकात अनेक खेळपट्ट्या शेजारीशेजारी असतात आणि प्रत्येकीची रुंदी 3.05 मीटर असते. मधल्या पट्टीऐवजी तिच्यापासून चौथ्या पट्टीवर सामना झाला, तर खेळाचा मध्य 12 मीटर सरकतो. मधल्या पट्टीवरून दोन्ही बाजू 70 मीटर असतील, तर आता एक बाजू 58 आणि दुसरी 82 होईल. 58 नियमात बसत नाही म्हणून इतकी कडेची पट्टी तिथे वापरताच येणार नाही. पण दोन पट्ट्या सरकल्या की 64 आणि 76 होतात आणि ते सर्रास चालते. स्टेडियम तेच, नाव तेच, आणि फलंदाजाला मात्र एका षटकात आखूड बाजू मिडविकेटला मिळते आणि दुसऱ्या टोकाकडून खेळताना ती कव्हरला जाते.

त्यामुळे मैदानाची सरासरी घेताना त्या दिवशी कोणती पट्टी वापरली जाणार आहे, हे विचारा. आखूड बाजू कोणाला मिळते हेही पाहावे लागते. उजव्या हाताचे, पायाच्या बाजूला ताकदीने मारणारे फलंदाज आणि आखूड बाजूकडे वळणारा फिरकी गोलंदाज समोरासमोर आले, की त्या एका टोकाकडून जास्त षटकार येतात. कर्णधारालाही हे कळते, म्हणून तो त्या टोकाकडून त्या गोलंदाजाला आणतच नाही. म्हणजे फायदा कागदावर दिसतो तितका प्रत्यक्षात उरत नाही.

अ‍ॅडलेड ओव्हलचे उदाहरण घ्या. तिथे बाजूच्या सीमा जवळ आणि समोरच्या लांब असतात. "अ‍ॅडलेड लहान की मोठे?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. कट आणि पुल खेळणाऱ्याला ते लहान आहे, आणि सरळ उचलून मारणाऱ्याला मोठे.

लेस्टरकर

पट्टी सरकण्याची गोष्ट मला माहीत नव्हती, आणि आमच्या तक्त्यातही मैदानाच्या नावापुढे एकच आकडा आहे. एक शंका. दोरी पाच मीटर आत आली तर षटकार किती टक्क्यांनी वाढतात, याचा काही ठरावीक नियम आहे का?

जुना_स्कोअरर

ठरावीक नियम मी तरी सांगणार नाही. कारण समजून घ्या. चांगला बसलेला फटका 80-90 मीटर जातो आणि दोरी 65 वर असो वा 70 वर, तो षटकारच असतो. दोरी सरकल्याने फरक पडतो तो फक्त 65 ते 70 च्या मध्ये पडणाऱ्या फटक्यांना, म्हणजे जे नीट बसले नाहीत त्यांना. असे फटके मोठ्या मैदानावर झेल होतात किंवा दोन धावा देतात. त्यामुळे ताकदवान फलंदाजांच्या संघाला लहान मैदानाचा फायदा कमी मिळतो आणि मध्यम ताकदीच्या संघाला जास्त मिळतो. उंचीचाही विचार करा. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटरवर आहे आणि धरमशालेचे मैदान त्याहून बरेच वर आहे. विरळ हवेत तोच फटका काही मीटर पुढे जातो.

आकडेशास्त्री

जुन्या स्कोअररकाकांच्या मुद्द्याला एक जोड देते, कारण इथेही दुहेरी मोजणीचा धोका आहे. बेंगळुरूच्या संघातील फलंदाजाचे षटकारांचे प्रमाण तुम्ही त्याच्या कारकिर्दीतून काढलेत, तर त्याचे जवळजवळ निम्मे आयपीएल सामने चिन्नास्वामीवर झालेले असतात. त्या प्रमाणात लहान मैदान आधीच मिसळलेले असते. त्यावर पुन्हा चिन्नास्वामीचा गुणक लावला, की तीच चूक नव्या वेशात परत येते. म्हणून आधी प्रत्येक सामन्यातील षटकार त्या मैदानाच्या गुणकाने भागून घ्या, मग फलंदाजाचे प्रमाण काढा आणि शेवटी आजच्या मैदानाने गुणा.

दुसरी काळजी नव्या फलंदाजांची. एखाद्याने 100 चेंडूंत 15 षटकार मारले असतील, तर त्याचे प्रमाण 15 टक्के धरू नका. मी त्याच्या खात्यात सर्वसाधारण फलंदाजाचे 200 चेंडू घालते. आयपीएल 2024 मध्ये साधारण तेरा चेंडूंमागे एक षटकार होता, म्हणजे साडेसात टक्के, म्हणून त्या 200 चेंडूंचे 15 षटकार. आता 300 चेंडूंत 30, म्हणजे 10 टक्के. त्याने पुढे हजार चेंडू खेळले की हे उसने घेतलेले चेंडू आपोआप बरेच निष्प्रभ होतात. 200 हा आकडा माझ्या सवयीचा आहे. तुम्ही मागच्या हंगामांवर वेगवेगळे आकडे लावून पाहा आणि ज्याने पुढच्या हंगामाचा अंदाज सर्वात बरा येतो तो घ्या.

लेस्टरकर

काल रात्री बसून सगळा हिशेब नव्याने मांडला. खेळाडूंची नावे न देता क्रमांकाने लिहितो. प्रमाणे मैदानाचा परिणाम काढून टाकल्यानंतरची आहेत.

प्रथम फलंदाजी करणाऱ्या संघाचे सलामीवीर सरासरी 24 आणि 22 चेंडू खेळतील असे धरले आणि त्यांची प्रमाणे 8 आणि 7 टक्के आहेत. तिसरा 20 चेंडू, 6 टक्के. चौथा 18 चेंडू, 8 टक्के. पाचवा 14 चेंडू, 10 टक्के. सहावा 10 चेंडू, 11 टक्के. या सहा जणांचे षटकार 8.6 होतात. सातवा 6 चेंडू, 10 टक्के, म्हणजे 0.6. आठव्यापासून खालचे सगळे मिळून 4 चेंडू, 4 टक्के, म्हणजे 0.16. एकूण 118 चेंडू, कारण कधीकधी डाव वीस षटकांआधी आटोपतो. बेरीज 9.36. मैदानाचा गुणक काकांच्या सांगण्यावरून पट्टी विचारून घेतला. ती जवळजवळ मधली होती, म्हणून 1.15 चा 1.12 केला. पहिल्या डावाचे षटकार 10.5.

दुसऱ्या संघाची प्रमाणे थोडी कमी आहेत, सरासरी 7.4 टक्के. पाठलाग यशस्वी झाला की डाव थांबतो, म्हणून त्यांना मी 112 चेंडू दिले. 8.3 गुणिले 1.12 म्हणजे 9.3. दोन्ही मिळून 19.8.

पडताळ्यासाठी कप्तानांची वाट वापरली. 380 धावा, आणि या दोन संघांचा षटकारांतील वाटा मागील सामन्यांवरून 31 टक्के. उत्तर 19.6. वरिष्ठांचे 20 आता मला समजले.

पण एक गोष्ट विचित्र वाटते. आठव्या क्रमांकापर्यंतच्या फलंदाजीला मी आधी पाच टक्के दिले होते, आणि इथे तर सातव्यापासून खालच्या सगळ्यांचे मिळून पाऊण षटकारच होतात. मग फलंदाजीच्या खोलीला महत्त्व उरले कुठे?

आकडेशास्त्री

हा प्रश्न तुमच्या मूळ प्रश्नापेक्षा मोलाचा आहे. सातव्या क्रमांकाचा फटकेबाज काढून तिथे 4 टक्क्यांचा गोलंदाज बसवा. त्याचे सहाच चेंडू आहेत, म्हणून थेट नुकसान सहा गुणिले सहा टक्के, म्हणजे 0.36 षटकार. आता वरच्या सहा जणांकडे पाहा. मागे कोणी नाही हे कळले, की पाचव्या षटकात दोन बळी गेल्यावर तिसरा-चौथा फलंदाज डाव सांभाळायला लागतो. त्यांची प्रमाणे सहा टक्क्यांनी जरी उतरली, म्हणजे 8 टक्क्यांची साडेसात झाली, तरी 8.6 मधून 0.52 गेले. म्हणजे खोलीचा मोठा परिणाम वरच्या फलंदाजांच्या धाडसातून येतो. खालच्यांच्या बॅटमधून येणारा भाग त्याहून लहान आहे.

26 एप्रिल 2024 चा ईडन गार्डन्सचा सामना याचा टोकाचा नमुना आहे. कोलकात्याच्या 261 धावा पंजाबने 18.4 षटकांत 2 बाद 262 करून पार केल्या. सामन्यात 42 षटकार लागले, त्यांतले 24 पंजाबचे, आणि ते सगळे चौघांनी मारले. पाचव्या क्रमांकाचा फलंदाज मैदानात आलाच नाही. खालच्या फळीची मोजदाद करणाऱ्याला त्या दिवशी खोलीचा परिणाम शून्य दिसेल. पण पहिल्या चेंडूपासून असा पाठलाग करण्याची मोकळीक त्या चौघांना कशामुळे मिळाली, हेही विचारायला हवे.

अडचण अशी की त्या चौघांपैकी बेअरस्टोचे प्रमाण तुम्ही अशाच खोल फलंदाजी असलेल्या संघांतून काढले असेल, तर खोलीचा परिणाम त्यात आधीच आहे. म्हणून मी खोलीचा वेगळा गुणक लावतच नाही. एखादा प्रमुख फलंदाज जायबंदी होऊन संघाची रचना नेहमीपेक्षा बदलली, तरच वरच्यांची प्रमाणे हाताने थोडी खाली आणते.

गल्लीचा_कप्तान

मग इम्पॅक्ट प्लेअरने काहीच झाले नाही, असे म्हणायचे का? आकडे तर सरळ आहेत. 2022 मध्ये सामन्याला सुमारे 14.4 षटकार, नियम आल्यावर 2023 मध्ये 15 च्या थोडे वर, आणि 2024 मध्ये 17.7.

आकडेशास्त्री

काहीच झाले नाही असे मी म्हणत नाही. पण तुमचेच आकडे पुन्हा पाहा. नियम 2023 मध्ये आला आणि त्या वर्षी वाढ जेमतेम एका षटकाराची होती. 2024 मध्ये नियम तोच होता आणि वाढ अडीच षटकारांची झाली. संघांना नियम वापरायला शिकण्यास एक वर्ष लागले असेल. खेळपट्ट्या अधिक सपाट झाल्या असतील. नव्या पिढीचे सलामीवीर आले असतील. यातले किती कशाचे, हे तीन हंगामांच्या तीन आकड्यांवरून वेगळे काढता येणार नाही.

गल्लीचा_कप्तान

संघ एका वर्षात शिकले, हेच मला पटते. नियम नसता, तर हैदराबादच्या संघाने 2024 मध्ये इतकी आक्रमक फलंदाजी केलीच नसती. आपण इथे सहमत होणार नाही.

लेस्टरकर

19.8 ही सरासरी मिळाली. आता भाव. सरासरीवरून प्रत्येक आकड्याची शक्यता सांगणारे पॉइसाँ वितरण मी वापरले, तर 20 किंवा जास्तची शक्यता 51 टक्के येते. म्हणजे 19.5 ची रेषा ठीक. कंपनीचे मार्जिन धरून दोन्ही बाजूंना 1.90 च्या आसपास भाव लावला तर बरोबर होईल का?

आकडेशास्त्री

मधल्या रेषेपुरते बरोबर होईल, टोकाला मोठी चूक होईल. पॉइसाँ असे गृहीत धरते की एकदा सरासरी ठरली की प्रत्येक चेंडू आपापला स्वतंत्र आहे. क्रिकेटमध्ये तसे नसते. खेळपट्टी कशी निघेल हे दोन्ही डावांना एकत्रच लागू होते. 15 एप्रिल 2024 ला चिन्नास्वामीवर हैदराबादने 3 बाद 287 केले आणि 22 षटकार मारले. त्यानंतर बेंगळुरूला दुसरा पर्यायच नव्हता, त्यांनी 7 बाद 262 करताना 16 मारले. एकूण 38. पहिल्या डावातील षटकारांचा पाऊस दुसऱ्या डावातही तसाच पाऊस आणतो. उलट बाजूने, 9 जून 2024 ला न्यूयॉर्कमध्ये भारत 119 वर आटोपला आणि पाकिस्तान 7 बाद 113 वर थांबला. त्या खेळपट्टीवर दोन्ही संघांची नावे आणि खोली कामाची नव्हती, आणि लक्ष्य लहान असल्यामुळे मोठे फटके मारण्याची गरजही कमी होती.

म्हणून षटकारांचा पसारा पॉइसाँपेक्षा रुंद असतो. 19.8 या सरासरीला पॉइसाँचे प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर जातात याचे माप, साडेचारच्या आत असते. मी उदाहरणासाठी 6 धरते. तुम्ही तुमच्या नोंदींत, प्रत्येक सामन्याच्या आधीच्या अंदाजापासून प्रत्यक्ष आकडा किती दूर गेला, यावरून ते काढा. नुसत्या षटकारांचे विचलन घेऊ नका, कारण त्यात मैदानांमधला फरकही मिसळतो. 6 धरून, पसारा वेगळा देता येणारे ऋण द्विपद वितरण वापरले, तर 20 किंवा जास्तची शक्यता 51 वरून 49 टक्क्यांवर येते. पसारा उजवीकडे लांबल्यामुळे मध्य किंचित डावीकडे सरकतो. हा फरक किरकोळ आहे. पण 30 किंवा जास्त षटकारांचा भाव काढा. पॉइसाँ म्हणते सुमारे 2 टक्के, म्हणजे मार्जिनआधी 50 चा भाव. रुंद वितरण म्हणते सहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 16-17. तुम्ही पन्नासाला ते विकलेत, तर जाणकार ग्राहक तुमच्याकडे रांग लावतील.

लेस्टरकर

हे अगदी खरे आहे. गेल्या महिन्यात आमच्याकडे वरच्या टोकाच्या रेषेवर एकाच बाजूने पैसे येत राहिले होते आणि मला वाटले की लोकांना मोठे आकडे आवडतात म्हणून तसे होते. आता मी मागच्या सगळ्या सामन्यांचे अंदाज आणि निकाल जोडून विचलन काढतो.

आणखी एक व्यवहाराचा प्रश्न. आमचा भाव आदल्या दिवशी जाहीर होतो. पट्टी, दोरी आणि अंतिम संघ तर नाणेफेकीच्या सुमारास कळतात. तोपर्यंत काय करावे?

आकडेशास्त्री

आदल्या दिवशी मार्जिन जास्त ठेवा आणि एका पैजेची कमाल रक्कम लहान ठेवा. पट्टीबद्दलची अनिश्चितता हीसुद्धा पसाऱ्यात जमा होते, म्हणून सहाऐवजी थोडे मोठे विचलन धरा. नाणेफेकीनंतर ते कमी करा. पाऊस असेल तर तुमचे नियमपत्र आधी वाचा. षटके कमी झाल्यावर पैज रद्द होते की नाही, आणि सुपर ओव्हरचे षटकार धरतात की नाही, यावर रेषा बदलते.

जुना_स्कोअरर

पट्टी आदल्या दिवशी दुपारी बहुतेक ओळखता येते. सरावाच्या वेळच्या छायाचित्रांत जिच्यावर रोलर फिरतो आणि संध्याकाळी जिच्यावर आच्छादन घातले जाते, तीच वापरली जाते. तिच्या दोन्ही बाजूंना किती पट्ट्या आहेत ते मोजा, फरकाच्या निम्म्याला 3.05 ने गुणा आणि एका बाजूतून वजा करा, दुसरीत मिळवा. दोरी मात्र सामन्याच्या सकाळीही हलवलेली मी पाहिली आहे. जाहिरातीचे फलक ठेवायला जागा हवी म्हणून एका बाजूने ती तीन मीटर आत घेतली होती, आणि त्या दिवशी त्याच बाजूला पाच षटकार गेले. त्यांतले किती त्या तीन मीटरमुळे, हे मी वहीत लिहून ठेवले नव्हते.